मोटार एक, बिलं दोन

‘नेट असो वा नसो, तिन्ही दुकानांत बिल फाटलं पाहिजे. आणि गोदामात किती मोटारी शिल्लक आहेत, हे तिन्हीकडं कुठल्याही क्षणी बिनचूक दिसलं पाहिजे.’ शेतीपंप, पाइप आणि ठिबकचं सामान विकणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्यानं नव्या सॉफ्टवेअरची मागणी अशी सांगितली, तर ऐकणाऱ्याला त्यात वावगं काही वाटणार नाही. दोन्ही वाक्यं रास्त आहेत. पण ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी पाळणारं सॉफ्टवेअर कोणालाही लिहिता येत नाही. पैसे दुप्पट दिले, माणसं दहा लावली, मुदत वर्षभरानं वाढवली, तरी नाही.

असं गिऱ्हाइकाला सांगायचं कसं, आणि त्याच बैठकीत त्याच्या हाती उपयोगाचं काय द्यायचं, हा सॉफ्टवेअरच्या धंद्यातला रोजचा प्रश्न आहे. तो नीट कळण्यासाठी वरच्याच मागणीचा नमुना घेऊ. पुढची माणसं आणि दुकानातले आकडे समजावण्यापुरते रचलेले आहेत, अडचण मात्र अगदी खरी आहे.

व्यापाऱ्याचं मोठं दुकान नाशकात, दुसरं सिन्नरला, तिसरं पिंपळगाव बसवंतला. नळाच्या तोट्या, टेप, कपलिंग, ठिबकच्या नळ्या असा किरकोळ माल ज्याच्या त्याच्या दुकानात असतो. सबमर्सिबल मोटारी, स्टार्टर पॅनल, मोठ्या व्यासाचे पाइप असा जड आणि महाग माल अंबडच्या गोदामात असतो आणि तिन्ही दुकानं तोच माल विकतात. गिऱ्हाईक सिन्नरला पैसे भरतं आणि गोदामातून टेम्पो थेट त्याच्या मळ्यावर जातो. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी खाली गेलं की पाच एचपीच्या मोटारींना एकदम मागणी येते, आणि नेमकं त्याच दिवसांत कुठं तरी रस्ता खोदला जाऊन केबल तुटते किंवा वीज जाते.

सॉफ्टवेअर करायला घेतलेली प्रोग्रामर ही मागणी ऐकून पहिल्या बैठकीत हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ती विचारते, ‘शेठ, मागच्या सीझनला नक्की काय झालं होतं?’

या एका प्रश्नात निम्मं काम असतं. मागणीच्या मागं बहुधा एखादी घडलेली गोष्ट असते. शेठ सांगतात, की सिन्नरच्या दुकानानं एका शेतकऱ्याला मोटार विकली, पैसे घेतले, त्यानं फिटर बोलावून ठेवला आणि संध्याकाळी कळलं की गोदामातली शेवटची मोटार दुपारीच पिंपळगावच्या बिलावर गेली होती. शेतकऱ्याची द्राक्षबाग दोन दिवस पाण्यावाचून राहिली. तो चिडून दुसरीकडं गेला आणि जाताना गावातली आणखी चार गिऱ्हाइकं घेऊन गेला. म्हणजे शेठना खुपत होतं ते हे, की पैसे घेतल्यावर माल नाही म्हणायची वेळ पुन्हा येऊ नये. ‘कुठल्याही क्षणी बिनचूक आकडा’ हा त्यांनी स्वतःच्या मनानं शोधलेला उपाय होता. उपाय अशक्य असला तरी मूळ गरज शक्य असू शकते, आणि इथं ती आहे.

दुसरी चौकशी मालाची. दुकानाच्या यादीत समजा अठराशे प्रकारचा माल आहे. त्यातला बहुतेक ज्याच्या त्याच्या फळीवर असतो. सिन्नरच्या फळीवरची कपलिंग सिन्नरच विकणार, तेव्हा तिचा हिशोब नेट नसतानाही चुकायचं कारण नाही. भांडण फक्त सामाईक मालाचं, म्हणजे गोदामातल्या चाळीसेक वस्तूंचं. ‘तुमची मागणी अशक्य आहे’ हे वाक्य इथं ‘अठराशेपैकी साडेसतराशेंच्या बाबतीत तुम्ही म्हणता तसं होईल, या चाळीसेक वस्तूंचं वेगळं बोलावं लागेल’ असं होतं. दोन्ही वाक्यं खरीच, पण दुसऱ्यात नकाराची हद्द आखलेली आहे. गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो सरसकट नकाराचा, कारण तो कुठं संपतो हे त्याला दिसत नाही.

आता नकाराकडं येऊ. तो शब्दांत सांगण्याआधी डोळ्यांना दाखवलेला बरा. प्रोग्रामर दोन मोबाइल टेबलावर ठेवते. दोन्हींवर कच्चं, दोन दिवसांत उभं केलेलं बिलिंग अ‍ॅप आहे. दोन्हींवर लिहिलंय: ‘गोदाम – ५ एचपी मोटार – शिल्लक १’. एक मोबाइल शेठकडं, एक त्यांच्या मुलाकडं. ‘तुम्ही सिन्नर, दादा पिंपळगाव. आता दोन्ही फोन विमान मोडवर टाका आणि मोटार विका.’ दोघंही विकतात. दोन बिलं फाटतात. दोन्ही फोनवर शिल्लक शून्य दिसते, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मग विमान मोड काढला की दोन बिलं आणि एक मोटार समोरासमोर येतात.

‘आता सांगा, यातल्या कुठल्या फोननं नाही म्हणायला हवं होतं? आणि त्याला ते कळणार कशावरून?’

शेठ थोडा वेळ दोन्ही पडद्यांकडं पाहतात. कळायला कसलाही मार्ग नव्हता. बातमी पोचायची वाटच बंद होती. अशा वेळी यंत्रापुढं दोनच रस्ते असतात: धोका पत्करून विकायचं, नाही तर विकायचं थांबायचं. तिसरा रस्ता नसतो, कारण जे कळलेलंच नाही ते कुठल्याही हुशारीनं कळत नाही.

हे केवळ प्रोग्रामरचं मत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी २००० साली एका परिषदेत हा मुद्दा मांडला: अनेक ठिकाणी पसरलेल्या यंत्रणेचा आपसातला संपर्क तुटला, तर सगळीकडं एकच खरा आकडा राखणं आणि सगळीकडं काम चालू ठेवणं यांपैकी एक सोडावं लागतं. २००२ साली एमआयटीतल्या सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी ते गणितानं सिद्ध केलं. मात्र शेठसमोर ही नावं आधी घेण्यात अर्थ नाही. मोबाइलचा प्रयोग पाहिल्यावर, ‘हे आमच्या कंपनीला जमत नाही असं नाही, ते कोणालाच जमणार नाही असं सिद्ध झालंय’ हे सांगण्यापुरती ती कामाला येतात.

ते सांगणं का महत्त्वाचं, तर ‘नाही’ एका प्रकारचं नसतं आणि गिऱ्हाइकाला बाहेरून त्यातला फरक दिसत नाही. काही गोष्टी मुळातच अशक्य असतात, जशी ही. काही शक्य असतात पण परवानगी नसते. सेल्समनचे सगळे कॉल अ‍ॅपनं आपोआप रेकॉर्ड करावेत, ही मागणी अनेक व्यापारी करतात. अँड्रॉइडमधल्या अपंगांसाठीच्या सोयीचा आडमार्गानं वापर करून ते साधणाऱ्या अ‍ॅपना गुगलनं मे २०२२ पासून आपल्या प्ले स्टोअरवर बंदी घातली. आणि काही गोष्टी निव्वळ महाग असतात: चार महिने आणि चार लाख दिले तर होतात. या तिन्हींना प्रोग्रामर सरसकट ‘शक्य नाही’ म्हणत राहिला, तर कधी तरी शेठचा भाचा येऊन सांगतो, ‘माझा मित्र करून देतो म्हणतोय’, आणि महागाच्या बाबतीत तो मित्र खरंच करून देतो. त्यानंतर त्या प्रोग्रामरच्या खऱ्या ‘अशक्य’वरही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून कुठलं ‘नाही’ आहे ते पहिल्याच वाक्यात सांगावं. महाग असेल तर किंमत सांगावी आणि निर्णय गिऱ्हाइकावर सोडावा, कारण पैसा त्याचा आहे.

शेठ मुरलेले व्यापारी आहेत, ते इतक्यावर ऐकत नाहीत. पहिली हरकत: ‘दोन कंपन्यांचं नेट घेतो. एक गेलं तर दुसरं.’ ही सूचना चांगलीच आहे आणि ती लगेच मान्य करावी. ब्रॉडबँडच्या जोडीला सिमकार्डवर चालणारा राउटर आणि दोन्हींना बॅटरी बॅकअप दिला, तर नेट नसलेले तास पुष्कळ कमी होतील. पण कमी होणं म्हणजे संपणं नव्हे. लांबलेल्या वीजकपातीत मोबाइलचा टॉवरही बसतो, शिवाय बंद पडायला सर्व्हरही आहेच. संपर्क तुटण्याचे प्रसंग महिन्यातून आठवरून एकावर आले, तरी त्या एका प्रसंगी काय करायचं हे ठरवावंच लागतं.

दुसरी हरकत जास्त नेमकी: ‘मग बँकांचं कसं चालतं? तिथं तर पैशांचा मामला असतो.’

इथं प्रोग्रामरचं काम सोपं होतं, कारण उत्तर शेठच्या रोजच्या अनुभवात आहे. साधं यूपीआय नेट नसताना काय करतं? सरळ नकार देतं. पेमेंट फेल. त्या यंत्रणेनं हिशोब अचूक ठेवायचं ठरवलंय आणि त्यासाठी व्यवहार थांबवायची तयारी ठेवलीय. उलट, बिनानेटच्या छोट्या डिजिटल पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२२ मध्ये चौकट आखून दिली, तेव्हा एका व्यवहाराला २०० रुपये आणि एकूण २००० रुपये अशी मर्यादा घातली. पुढं ती वाढत गेली, यूपीआय लाइटसाठी डिसेंबर २०२४ मध्ये १००० आणि ५००० झाली, पण मर्यादा हटली नाही. व्यवहार चालू द्यायचा, पण चुकलं तर नुकसान किती होऊ शकतं याला आधीच कुंपण घालायचं, हा त्यामागचा विचार. ब्रुअर यांनीही २०१२ साली आपल्याच सिद्धान्तावर पुन्हा लिहिताना एटीएमचा दाखला दिला: बँकेशी संपर्क तुटलेलं यंत्र पैसे देणं बंद करत नाही, ठरावीक रकमेपर्यंतच देतं.

म्हणजे बँका अशक्य गोष्ट करत नाहीत. कुठं थांबायचं आणि कुठं थोडी जोखीम घ्यायची, हे त्यांनी आधी ठरवून ठेवलेलं असतं. शेठनाही तेच ठरवायचं आहे, आणि पर्याय मांडायची वेळ आता आली.

पर्याय तीनच मांडावेत, आणि प्रत्येकासोबत त्यात काय गमवावं लागेल तेही. पहिला सगळ्यात सरळ: नेट गेलं की गोदामाच्या मालाचं बिल त्या दुकानात बंद, फळीवरच्या मालाचं चालू. दोनदा विकलं जाण्याची भीती शून्य. गमावतो काय, तर सीझनच्या गर्दीत सिन्नरची मोटारींची विक्री तासन्‌तास अडते, आणि समोरचं गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं.

दुसरा याच्या उलट: विक्री चालूच ठेवायची, हिशोब नंतर जुळवायचा. नेट आल्यावर गोदामाची शिल्लक कधी ‘उणे एक’ दिसेल, ती दिसताच कोणी गिऱ्हाइकाला फोन करायचा, दोन दिवसांत दुसरी मोटार मागवून द्यायची की पैसे परत करायचे, हे लिहून ठेवायचं. ज्या मालाचा पुरवठा एका दिवसात होतो, त्याला हा पर्याय उत्तम. अ‍ॅमेझॉननं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात आपल्या खरेदीच्या टोपलीची यंत्रणा समजावून सांगितली आहे. टोपलीत वस्तू टाकणं कधीही अडू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि त्यापायी काढून टाकलेली वस्तू क्वचित टोपलीत पुन्हा दिसण्याची खोड पत्करली. टोपलीच्या बाबतीत ते चालतं. द्राक्षबागेच्या मोटारीच्या बाबतीत शेठ लगेच मान हलवतात: ‘हेच तर नको होतं.’

तिसरा पर्याय वाटणीचा. रेल्वे आरक्षण संगणकावर येण्यापूर्वी मधल्या स्टेशनांना बर्थचा ठरावीक कोटा दिलेला असे. त्या कोट्यापुरतं तिकीट देताना दुसऱ्या कुठल्या स्टेशनला विचारावं लागत नसे. गोदामातल्या मालाचंही तसंच करता येतं. समजा बारा मोटारी आहेत. नाशिकचा हक्क पाचांवर, सिन्नरचा तिनांवर, पिंपळगावचा तिनांवर, आणि एक हातची राखून ठेवलेली. सिन्नरचं नेट गेलं तरी तिथला माणूस तीन मोटारी बिनधास्त विकू शकतो, कारण त्या दुसरं कोणी विकणारच नाही. चौथं गिऱ्हाईक आलं तर पडदा बिल नाकारतो. सगळ्यांच्या हक्कांची बेरीज गोदामातल्या मालाहून कधीच जास्त नसते, म्हणून एकच मोटार दोघांना विकली जाणं शक्य राहत नाही. राखीव मोटार कशासाठी, तर एखादी वाहतुकीत खराब निघते, एखादी मोजणीत चुकलेली असते. सॉफ्टवेअरचा आकडा आणि गोदामातली जमीन यांत असा एखाद्या नगाचा फरक पडतोच.

या पर्यायाचीही किंमत आहे आणि ती तितक्याच स्पष्टपणे सांगावी लागते. पिंपळगावचे तीन संपलेत, सिन्नरचे तीन पडून आहेत आणि सिन्नरचं नेट बंद आहे, तर पिंपळगावला त्या मोटारी मिळणार नाहीत. गोदामात माल असूनही गिऱ्हाईक परत जाईल. नेट चालू असताना मात्र वाटण्या दर काही मिनिटांनी आपोआप सरकत राहतात, त्यामुळं ही अडचण फक्त तुटीच्या वेळेपुरती राहते.

इथं एक बारकावा आहे आणि नवखे प्रोग्रामर नेमके तिथंच घसरतात. सिन्नर तासभर गप्प आहे, म्हणजे दुकान बंद असेल, असं गृहीत धरून सर्व्हरनं त्याचा हक्क दुसऱ्यांना वाटून टाकला, की सगळी मांडणी कोसळते. सिन्नर कदाचित त्या क्षणी तिसऱ्या मोटारीचं बिल फाडत असेल. दुकानानं स्वतः हक्क परत केल्याशिवाय सर्व्हरनं तो काढून घ्यायचा नाही, मग कितीही वेळ लागो. सर्व्हरवर पोचणारी खबरही ‘माझ्याकडं दोन उरल्या’ अशी नको, ‘अमुक बिलानं एक विकली’ अशी हवी. शिल्लक पाठवली तर उशिरा पोचलेला जुना आकडा नव्या आकड्याला पुसून टाकतो. विक्री पाठवली तर ती कधीही पोचली तरी वजाबाकी बरोबरच येते, फक्त एकच बिल दोनदा वजा होऊ नये म्हणून त्याला स्वतःचा न बदलणारा क्रमांक लागतो.

क्रमांकाची गोष्ट निघालीच आहे, तर शेठची आणखी एक अपेक्षा तिथं अडते. तिन्ही दुकानांची बिलं एकाच सलग क्रमांकानं चालावीत असं त्यांना वाटतं, आणि नेट नसताना तेही शक्य नाही, कारण पुढचा क्रमांक कोणी घेतला हे कळत नाही. सुदैवानं तसं करायची सक्तीही नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलक्रमांक सलग, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो, पण मालिका एकाहून जास्त चालतात. म्हणून सिन्नरची स्वतःची मालिका, उदाहरणार्थ `SNR/2526/00457`. हीच चौदा अक्षरं पुढं त्या बिलाची ओळख म्हणून सर्व्हरलाही पुरतात. एक अपवाद मात्र आधीच सांगून ठेवावा लागतो. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी सरकारी पोर्टलवरून ई-इन्व्हॉइसचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्याला नेट लागतंच. शेतकऱ्याच्या बिलाला ही अट नाही. म्हणजे ‘नेट नसताना बिल’ या वचनातून असं व्यापारी बिल वगळलेलं आहे, हे आजच लिहिलेलं बरं.

पडद्यावर आकडा कसा दाखवायचा, हाही या पर्यायाचाच भाग. ‘गोदाम: ४’ असं नुसतं दाखवणं नेट नसताना खोटं ठरू शकतं. त्याऐवजी ‘गोदाम: ४ (सकाळी ११.२० पर्यंत)’ आणि त्याखाली मोठ्या अक्षरात ‘तुम्ही विकू शकता: ३’. पहिला आकडा माहितीसाठी, दुसरा वचन देण्यासाठी. काउंटरवरच्या मुलाला एवढंच शिकवायचं, की गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा तो दुसऱ्या आकड्यावर. ‘कुठल्याही क्षणी बिनचूक’ याची जागा घेणारी ही गोष्ट आहे, आणि ती शेठच्या मूळ गरजेला नेमकी पुरी पडते: पैसे घेतले की माल असणारच.

चौथ्या गिऱ्हाइकासाठी एक साधी सोय राहते. ब्रॉडबँड बंद असलं तरी साधा फोन पुष्कळदा लागतो. सिन्नरचा माणूस नाशिकला फोन करतो, नाशिकचा माणूस आपल्या हक्कातली एक मोटार सोडतो, त्याच्या पडद्यावर एक छोटा आकडा येतो, तो फोनवर सांगायचा, सिन्नरला टाकायचा, आणि सिन्नरचा हक्क एकानं वाढतो. तो आकडा एकदाच चालतो. हे शेठना तीन पर्यायांपेक्षाही जास्त आवडतं, कारण फोन करून माल सोडवणं ते तीस वर्षं करत आलेले आहेत.

बैठकीत काय बिघडतं, तेही पाहू. पुष्कळदा मागणी अशक्य आहे हे प्रोग्रामरला पहिल्याच दिवशी कळतं, पण काम हातचं जाईल म्हणून तो ‘बघतो, काही तरी करू’ म्हणतो. शेठ त्याचा अर्थ होकार असाच घेतात आणि तो अर्थ घेण्यात त्यांची काही चूक नसते. मग चार महिन्यांनी, निम्मे पैसे दिल्यावर, सीझनच्या तोंडावर तोच नकार येतो आणि तेव्हा तो फसवणूक वाटतो. दुसरं, नकार आधी व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि बोलणं नंतर होतं. तोवर शेठनी तो मुलाला, मुनिमाला दाखवलेला असतो आणि सगळ्यांचं मत बनून गेलेलं असतं. किंवा नकार नोकरांसमोर दिला जातो. ज्या माणसाचा शब्द दुकानात शेवटचा असतो, त्याला चारचौघांत ‘तुम्ही म्हणता ते होत नाही’ ऐकवलं, की पुढची चर्चा सॉफ्टवेअरची राहतच नाही.

समजलंय की नाही, हे ओळखायची खूण आहे. शेठ ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणतात आणि उठताना विचारतात, ‘पण आकडा सगळीकडं बरोबर दिसेल ना?’ म्हणजे समजलेलं नाही. अशा वेळी पुन्हा समजावत बसण्यापेक्षा त्यांनाच प्रसंग द्यावा: ‘शेठ, मंगळवारी दुपारी सिन्नरचं नेट गेलं, तिथला हक्क संपला आणि गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे. दुकानातला मुलगा काय करेल?’ ते स्वतःच्या तोंडानं ‘नाशिकला फोन करेल’ म्हणाले, तर पोचलं. आणि ते ‘सिन्नरला तीन कशाला, तिथं उन्हाळ्यात पाच लागतात’ असा वाद घालू लागले, तर फारच चांगलं. आता ते आपल्या धंद्याचं बोलतायत, आणि वाटणीचे आकडे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नाहीत.

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी कागद जातो. करारातली बोजड भाषा नको, पण मोघमही नको. असा काहीसा:

‘शेठ, आज ठरलं ते लिहून पाठवते. नेट नसताना तिन्ही दुकानांत फळीवरच्या सगळ्या मालाचं बिल निघेल. गोदामाच्या मालाचं बिल त्या दुकानाच्या हक्कापुरतं निघेल, त्यापुढं नाशिकहून फोनवर आकडा घेऊन. एकच नग दोघांना विकला जाणार नाही. नेट नसताना गोदामाची ताजी शिल्लक दिसणार नाही, शेवटची माहिती वेळेसह दिसेल. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या ज्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागतो, ते बिल नेट आल्यावरच निघेल. सुरुवातीच्या वाटण्या तुम्ही सांगितल्याप्रमाणं जोडल्या आहेत, त्या तुम्हाला केव्हाही बदलता येतील. हे ठीक असेल तर कळवा, म्हणजे काम सुरू करते.’

यात ‘दिसणार नाही’ आणि ‘नेट आल्यावरच’ ही वाक्यं तितक्याच ठळक अक्षरांत आहेत. ती तळाला बारीक अक्षरात टाकली, तर कागद लिहिल्याचा उपयोग नाही.

काम घेताना तपासणीही याच कागदावरून होते. दुकान बंद असलेल्या दिवशी सिन्नर आणि पिंपळगावची केबल काढायची, सिमकार्डचा राउटर बंद करायचा, आणि दोन्हीकडून मोटारी विकत सुटायचं. हक्क संपल्यावर बिल अडतं का? फोनवरचा आकडा दुसऱ्यांदा टाकला तर नाकारला जातो का? बिल अर्धवट असताना संगणकाची वीज काढली आणि पुन्हा चालू केला, तर ते एकदाच नोंदलं जातं का? संगणकाचं घड्याळ एक दिवस मागं केलं, तर हिशोब बिघडतो का? मग केबल जोडायची, दहा मिनिटं थांबायचं आणि गोदामात जाऊन मोटारी हातानं मोजायच्या.

पहिला सीझन संपल्यावर एकच अहवाल पाहावा लागतो: कुठल्या दुकानात, कुठल्या मालाला, किती वेळा ‘हक्क संपला’ असं उत्तर मिळालं. सिन्नरला पाच एचपीसाठी ते वारंवार मिळालं असेल, तर वाटणी तीनवरून पाचवर न्यायची. तेवढ्यानंही भागत नसेल, तर ज्या उपायाला सॉफ्टवेअरची एक ओळही लागत नाही तो करायचा: सीझनपुरत्या दोन मोटारी अंबडहून उचलून सिन्नरच्या दुकानातच आणून ठेवायच्या. फळीवर आलेला माल सिन्नरचाच असतो आणि त्याचं बिल नेटवाचून निघतं. जागा थोडी अडेल, टेम्पोची एक फेरी वाढेल. तो खर्च किती आणि एक परतलेलं गिऱ्हाईक किती रुपयांना पडतं, हे गणित शेठ बैठकीतच बोटांवर करून टाकतात.